सीए इंटर: १४६ वर अडकलेला ग्रुप आणि पाचशे रुपयांची उत्तरपत्रिका

मे २०२४ ला नवीन स्कीमची पहिली परीक्षा झाली, त्यात मी सीए इंटरचे, म्हणजे सीएच्या मधल्या टप्प्याचे, तीन-तीन पेपरांचे दोन्ही ग्रुप एकदम दिले होते आणि दोन्ही राहिले. त्यानंतर सप्टेंबर आणि जानेवारी अशा दोन टप्प्यांत निघाले. मधल्या काळात जे शोधावं लागलं ते कुठेच एका ठिकाणी मिळत नव्हतं, जो तो आपापलं अर्धवट सांगत होता, म्हणून सगळं तारखांसकट लिहून ठेवतेय. स्कीम आणि फी बदलत असतात तेव्हा फॉर्म भरताना परीक्षा घेणाऱ्या आयसीएआयची त्या वेळची सूचना बघालच.

११ जुलैला रिझल्ट लागला. पहिल्या ग्रुपमध्ये अकाउंट्स ६१, लॉ ४४, टॅक्स ४१, एकूण १४६. दुसऱ्यात कॉस्टिंग ३८, ऑडिट ४७, एफएम-एसएम म्हणजे फायनान्शियल आणि स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट ५२, एकूण १३७. आम्ही लालबागला चाळीत राहतो, तिथे रिझल्ट लपवणं वगैरे प्रकार नसतो, संध्याकाळपर्यंत मजल्यावर सगळ्यांना कळलं होतं. बाबा बेस्टमधून रिटायर झालेत, त्यांना हिशोबाची भारी आवड, त्यांनी मार्क कागदावर लिहून घेतले आणि म्हणाले, "पहिल्या ग्रुपात तर तिन्ही विषयांत पास दिसतेस, मग नापास कशी?"

हा प्रश्न बऱ्याच घरांत विचारला जातो, त्यामुळे आधी ते सांगते. सीएमध्ये तीन आकडे एकाच वेळी बघायचे असतात. प्रत्येक पेपरला किमान ४०, पूर्ण ग्रुपला ५० टक्के म्हणजे ३०० पैकी १५०, आणि ग्रुप राहिला तरी एखाद्या पेपरला ६० किंवा जास्त असतील तर त्या पेपरची एक्झम्प्शन, म्हणजे तो पुन्हा द्यायचा नाही. म्हणजे मी पहिल्या ग्रुपमध्ये ४० ची अट पूर्ण करून एकूणच्या अटीत चार मार्कांनी राहिले, आणि अकाउंट्समध्ये ६१ असल्यामुळे तो पेपर सुटला. दुसऱ्या ग्रुपमध्ये मात्र दोन्ही अटी तुटल्या होत्या. दोन्ही ग्रुप एकत्र देणाऱ्याला सेटऑफ मिळतो, म्हणजे एका ग्रुपचे जास्तीचे मार्क दुसऱ्याला लागतात, पण त्यासाठी सहाही पेपरात ४० आणि एकूण ६०० पैकी ३०० लागतात. माझे २८३ होते आणि कॉस्टिंग ३८, त्यामुळे तो दरवाजा बंदच.

पहिले दोन दिवस काही केलं नाही, झोपले आणि फोन बंद ठेवला. क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पास झालेल्यांचे स्क्रीनशॉट येत होते, तो ग्रुप म्यूट केला आणि बघितलाच नाही. माझी जवळची मैत्रीण दोन्ही ग्रुप पास झाली होती आणि आर्टिकलशिपसाठी, म्हणजे सीएच्या हाताखालच्या सक्तीच्या ट्रेनिंगसाठी, फोर्टमध्ये ऑफिसं शोधत होती. नवीन स्कीममध्ये दोन्ही ग्रुप निघाल्याशिवाय आर्टिकलशिप सुरूच होत नाही, त्यामुळे एक ग्रुप काढून कामाला लागू हा पर्यायही नव्हता. ते जास्त लागलं, मार्कांपेक्षा.

तिसऱ्या दिवशी बसून पैशाचा विचार केला. रिझल्टनंतर एक महिन्याच्या आत दोन गोष्टी करता येतात. एक व्हेरिफिकेशन, पेपरला १०० रुपये. यात उत्तर पुन्हा तपासत नाहीत, फक्त एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का आणि बेरीज बरोबर आहे का एवढंच बघतात. दुसरी म्हणजे उत्तरपत्रिकेची सर्टिफाइड कॉपी, पेपरला ५०० रुपये, स्कॅन करून ऑनलाइन मिळते. सगळे जण पहिल्याच्या मागे धावतात आणि दुसऱ्याला "पाचशे रुपये कशाला घालवायचे" म्हणतात. माझं मत बरोब्बर उलटं आहे.

व्हेरिफिकेशन कुठे करायचं हे आकड्यांवरून ठरतं. कॉस्टिंग ३८ बघून आई म्हणाली, दोनच मार्क कमी आहेत, त्याचं कर. पण कॉस्टिंगमध्ये दोन मार्क वाढले तरी ग्रुप १३९ वरच राहणार, तिथे शंभर रुपये फुकट. पहिल्या ग्रुपमध्ये चार मार्क सापडले तर मात्र ग्रुप निघतो, म्हणून लॉ आणि टॅक्सचं व्हेरिफिकेशन टाकलं, २०० रुपये, आशा जवळजवळ न ठेवता. सर्टिफाइड कॉपी मात्र तीन मागवल्या, लॉ, टॅक्स आणि कॉस्टिंग, १,५०० रुपये. कॉस्टिंगचा पेपर मी लगेच देणार नव्हते तरी मागवली, कारण महिन्याची मुदत गेली की ती कॉपी पुन्हा मिळत नाही, आणि जानेवारीत अभ्यासाला बसल्यावर तिची आठवण येऊन उपयोग नसतो.

मग सप्टेंबरला काय द्यायचं हा प्रश्न. फॉर्म त्याच महिन्यात भरायचा होता, उशीर झाला तर ६०० रुपये लेट फी. व्हेरिफिकेशनचं उत्तर यायला आठवडे लागतात, त्यामुळे त्याची वाट बघत फॉर्म थांबवायचा नाही, हे ठळक अक्षरात सांगते, माझ्या ओळखीच्या एकाचा असा पूर्ण अटेम्प्ट गेलाय.

क्लासचे सर म्हणाले दोन्ही ग्रुप दे, एक पेपर तर सुटलाय, पाचच राहिले, शिवाय सेटऑफचा फायदा. ऐकायला बरं वाटतं. पण ११ जुलैपासून मोजलं तर हातात दोन महिने, त्यात पाच पेपर, आणि त्यातलं कॉस्टिंग मला मुळात कळलेलंच नव्हतं. एक्झम्प्शनचंही एक गणित आहे, ते मार्क पुढच्या तीन परीक्षांपुरतेच धरतात, तुम्ही बसा किंवा बसू नका. पूर्वी वर्षाला दोन परीक्षा होत्या तेव्हा तीन म्हणजे दीड वर्ष व्हायचं. आता वर्षाला तीन, त्यामुळे माझे ६१ मार्क सप्टेंबर २०२४, जानेवारी २०२५ आणि मे २०२५, एवढेच चालणार होते. म्हणजे आधी पहिला ग्रुप, तोही एकटा. बाबांच्याच कागदावर मागच्या बाजूला मांडलं: १५० वजा ६१, उरले ८९. लॉ आणि टॅक्स मिळून ८९ आणि दोन्हीत ४० च्या वर. आत्ता मिळाले होते ८५. पूर्ण इंटर नापास असं वाटत होतं ते या दोन पेपरांत आणि चार मार्कांत येऊन बसलं, आणि खरं सांगायचं तर झोप त्या रात्री लागली. टार्गेट अर्थात ८९ नाही ठेवलं, ५० आणि ५० ठेवलं, कारण काठावरचं टार्गेट पेपर जरा कठीण आला की पाण्यात.

एका ग्रुपची फी १,५०० रुपये. फॉर्म भरताना कॅलेंडर उघडून बसले हे बरं झालं. पहिल्या ग्रुपच्या तारखा १२, १४ आणि १७ सप्टेंबर. अकाउंट्स १२ ला, तो मला नव्हता. लॉ १४ ला. आणि टॅक्स १७ ला म्हणजे अनंत चतुर्दशीला, दुपारी २ ते ५. लालबागला राहणाऱ्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. त्या दिवशी सकाळी राजा निघतो, आमच्या घरातून रस्त्यावर यायलाच अर्धा तास, करी रोड स्टेशनवर पाय ठेवायला जागा नाही. शिवाय ७ तारखेपासून दहा दिवस आमच्या खिडकीखाली स्पीकर. मी परीक्षेचं शहर मुंबईऐवजी ठाणे निवडलं आणि मुलुंडच्या मावशीला फोन करून सांगितलं की गणपतीत मी तुझ्याकडे. मावशी म्हणाली, "ये, पण आमच्याकडे दीड दिवसाचा असतो, मोदकांना हात लावायला लागेल." चाललं असतं.

जुलैभर अभ्यास म्हणजे पुन्हा वाचन. लॉचं पुस्तक काढून पहिल्या पानापासून. सकाळी परळच्या एका अभ्यासिकेत, महिना सहाशे रुपये, पंखा असलेली जागा पाहिजे तर सातला पोचायचं. २३ जुलैला बजेट आलं, कॅपिटल गेन्सचे दर बदलले, सगळीकडे साडेबारा टक्के साडेबारा टक्के, आणि अभ्यासिकेत निम्मी मुलं घाबरली की आता टॅक्स नव्याने करायचं. नाही करायचं. सप्टेंबर २०२४ च्या परीक्षेला फायनान्स ॲक्ट २०२३ लागू होता, म्हणजे मे मध्ये वाचलेला इन्कम टॅक्सच. प्रत्येक अटेम्प्टला कुठला कायदा, कुठल्या तारखेपर्यंतच्या अमेंडमेंट हे आयसीएआय आधी जाहीर करते आणि आरटीपी म्हणजे रिव्हिजन टेस्ट पेपरमध्ये त्याचं सगळं असतं, ते फुकट डाउनलोड होतं. रील्सवर जे चाललेलं असतं ते पुढच्या कुठल्यातरी अटेम्प्टचं असतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कॉपी आल्या आणि माझा प्लॅन बदलला, कारण मी चुकीच्या रोगावर औषध घेत होते.

कॉपीत प्रत्येक प्रश्नाला किती मार्क दिले ते दिसतं. इंटरला १०० पैकी ३० मार्क एमसीक्यूचे आणि ७० लिहायचे, आणि मार्कशीटवर नुसती बेरीज येते. मी कॉपीतले लेखी मार्क मोजले आणि एकूणातून वजा केले. लॉ: लेखी २३, म्हणजे एमसीक्यू २१. टॅक्स: लेखी २४, एमसीक्यू १७. दोन्ही मिळून एमसीक्यूमध्ये ६० पैकी ३८ आणि लेखीत १४० पैकी ४७. हे बघून मी बराच वेळ तशीच बसले. ज्याला विषय येत नाही त्याला एमसीक्यूत ३८ पडत नाहीत. माहिती डोक्यात होती, कागदावर येत नव्हती. आणि मी जुलैभर काय केलं, तर अजून माहिती भरली. तुमचा हिशोब उलटा निघाला, लेखी बरं आणि एमसीक्यू कमी, तर तुम्हाला नीट वाचायचीच गरज आहे, माझा पुढचा भाग तुमच्या कामाचा नाही.

लॉची कॉपी सरांना दाखवली. त्यांनी पेपरमधले प्रश्न सोडून त्याच जातीचा एक प्रश्न तिथेच घातला आणि म्हणाले लिही. कंपनीने वार्षिक सभेची नोटीस १ ऑगस्टला पोस्टाने टाकली, सभा २३ ऑगस्टला, नोटीस वैध आहे का? मी लिहिलं, वैध नाही, कारण २१ क्लिअर दिवस होत नाहीत. उत्तर बरोबर. सर म्हणाले, "बरोबर आहे, आणि याला मी पाचापैकी दीड देईन." आणि मग त्यांनी तेच उत्तर लिहून दाखवलं. पहिल्या परिच्छेदात नुसता कायदा: कंपनी कायदा २०१३ च्या कलम १०१ प्रमाणे सर्वसाधारण सभेला किमान २१ क्लिअर दिवसांची नोटीस लागते, क्लिअर म्हणजे नोटीस मिळाल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही धरायचे नाहीत, पोस्टाने पाठवलेली नोटीस टाकल्यापासून ४८ तासांनी मिळाली असं मानतात, आणि वार्षिक सभेत मतदानाचा हक्क असलेल्या ९५ टक्के सभासदांनी संमती दिली तर कमी मुदतही चालते. दुसऱ्या परिच्छेदात आपल्या प्रश्नातल्या तारखा: १ ला टाकली, ३ ला मिळाली, ४ पासून मोजायचं, २२ पर्यंत १९ दिवस होतात, दोन कमी. २४ ला २१ पूर्ण होतात, म्हणजे सभा लवकरात लवकर २५ ला. तिसऱ्यात एक ओळ, म्हणून नोटीस वैध नाही, संमती असेल तर गोष्ट वेगळी.

यातलं सगळं मला माहीत होतं! ९५ टक्केसुद्धा. पण मी ते डोक्यात ठेवून फक्त शेवट लिहीत होते, आणि तपासणाऱ्याला डोकं दिसत नाही. कॉपीभर हेच होतं, बरोबर निष्कर्ष, खाली एक, दीड, एक. कलमाच्या नंबरांचं पण विचारलं, कारण मला पाठ होत नाहीत. सर म्हणाले नंबर नक्की आठवत असेल तर लिही, नाहीतर "कंपनी कायदा २०१३ नुसार" एवढं पुरे, चुकीचा नंबर टाकू नको.

टॅक्सचं दुखणं थोडं वेगळं. तिथे मी वर्किंग नोट्स मागच्या पानावर रफमध्ये करून उत्तरात फक्त आकडा टाकत होते. समजा घरभाडे भत्त्याची सूट काढायची आहे, तर मिळालेला भत्ता, भाड्यातून पगाराचे दहा टक्के वजा, आणि मुंबईत राहतोय म्हणून पगाराचे पन्नास टक्के, हे तीनही आकडे उत्तराच्या खाली मांडून त्यातला सगळ्यात कमी घ्यायचा. शेवटचा आकडा चुकला तरी मांडणीचे मार्क मिळतात, आणि नुसता आकडा लिहिला आणि तो चुकला की शून्य. शिवाय जीएसटीची शेवटची दोन उत्तरं अर्धवट होती, अक्षर बघूनच कळत होतं की वेळ संपला होता.

त्यामुळे ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापासून वाचन सकाळीच उरकायचं आणि दुपारी २ ते ५ लिहायचं, परीक्षेच्याच वेळेला, कारण माझं डोकं जेवल्यावर तीन वाजता बंद पडतं आणि ते घरी कळलेलं बरं. आयसीएआयचे मॉक टेस्ट पेपर आणि जुन्या पेपरांची सजेस्टेड आन्सर्स फुकट आहेत, तेच वापरले. रोज पूर्ण पेपर नाही, झेपत नाही, एक दिवस लॉचे चार-पाच प्रश्न, एक दिवस टॅक्सचे, आणि आठवड्यातून एकदा पूर्ण तीन तास. तपासायला अभ्यासिकेतली एक मुलगी मिळाली, तीपण टॅक्सला अडकलेली, आम्ही एकमेकींच्या वह्या सजेस्टेड आन्सर शेजारी ठेवून तपासायचो आणि मार्क द्यायला अजिबात दया करायची नाही असं ठरलेलं. सुरुवातीला ती मला लॉमध्ये सत्तरपैकी २६ द्यायची, मला राग यायचा, ऑगस्टच्या शेवटी ३५ च्या आसपास गेले. एक प्रायव्हेट टेस्ट सिरीजपण घेतली होती दीड हजाराची, तिथून पेपर तपासून उशिरा यायचे आणि नुसतं "इम्प्रूव्ह प्रेझेंटेशन" लिहिलेलं असायचं. ते पैसे वाया.

याच सुमारास व्हेरिफिकेशनचं उत्तर आलं, मार्कांत बदल नाही. जुलैत आलं असतं तर रडले असते, आता लिहायला बसायची वेळ झाली होती म्हणून मेल बंद केला.

कॉन्फिडन्सचं म्हणाल तर तो असा एका दिवसात आला नाही. ५ सप्टेंबरला काकू खरेदीला आल्या आणि दारातूनच, "काय गं, तुझ्या त्या सीएचं काय झालं?" आधी मी आत निघून जायचे. या वेळी सांगितलं की एक पेपर सुटलाय, दोन चौदा आणि सतरा तारखेला आहेत, उरलेले जानेवारीत. त्यांना काही कळलं नाही बहुतेक, पण पुढचा प्रश्न आला नाही. लोकांना "बघू" म्हटलं की ते अजून खोदतात, तारीख सांगितली की गप्प होतात.

१४ चा लॉ बरा गेला, प्रत्येक उत्तराला तीन परिच्छेद पाडले, एका प्रश्नाचा कायदा आठवला नाही तरी तारखा आणि निष्कर्ष लिहून आले. १७ ला मुलुंडहून ठाणे, रिकाम्या ट्रेनने, सगळी गर्दी उलट्या दिशेने. टॅक्समध्ये या वेळी जीएसटी आधी लिहिलं. संध्याकाळी मावशीच्या टीव्हीवर आमच्याच गल्लीचं लाइव्ह बघितलं, आईचा फोन आला तर ढोलांमुळे एक शब्द कळेना.

३० ऑक्टोबरला रिझल्ट: अकाउंट्सचे तेच ६१, लॉ ५२, टॅक्स ४९, एकूण १६२. दिवाळीच्या तोंडावर होता ते बरं झालं. टॅक्स पन्नासच्या खालीच राहिला आणि आजही मला तो विषय आवडत नाही.

दुसऱ्या ग्रुपबद्दल थोडक्यात. कॉस्टिंगच्या कॉपीने वेगळीच गोष्ट सांगितली. तिथे एमसीक्यूपण कमी होते, म्हणजे लिहिण्याचा प्रश्न नव्हता, विषयच कच्चा होता, त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबर जवळजवळ सगळा कॉस्टिंगला गेला, पहिल्या ग्रुपची युक्ती तिथे चालली नसती. परीक्षा १७, १९ आणि २१ जानेवारीला, रिझल्ट ४ मार्च २०२५ ला. कॉस्टिंग ५४, ऑडिट ५०, एफएम-एसएम ४९, एकूण १५३. तीन मार्कांनी वाचले, तेव्हा यात फार शहाणपणा सांगण्यासारखं काही नाही.

मधल्या आठ महिन्यांचा खर्च धरला तर दोन वेळची फी ३,०००, कॉपी १,५००, व्हेरिफिकेशन २००, ती टेस्ट सिरीज दीड हजार, आणि अभ्यासिकेचे महिने. परत करायचं झालं तर टेस्ट सिरीज काढून टाकेन, कॉपीचे पैसे मात्र पहिल्या दिवशी भरेन. आणि हो, कॉपीची पीडीएफ आल्याआल्या आपल्याकडे उतरवून ठेवा आणि प्रिंट काढा, लालबागच्या झेरॉक्सवाल्याने तिन्हींचे मिळून ऐंशी रुपये घेतले. स्क्रीनवर वाचताना आपण आपल्याच अक्षराला माफ करतो, कागदावर लाल पेनाने मोजायला बसलं की होत नाही.